‘इतर समायोजन’ ही ओळ काढून टाका

नमस्कार. समोर बहुतेक सगळे एचआर आणि पेरोलमधलेच आहेत, त्यामुळे ओपनिंग, जॉइनर, लीव्हर, ट्रान्सफर, क्लोजिंग म्हणजे काय ते सांगत बसत नाही. याद्या जुळवायची पद्धत दाखवायचं मी कबूल केलंय, पण आधी रिपोर्टच्या तळाशी बसलेल्या ‘इतर समायोजन’ या ओळीबद्दल बोलू द्या. माझा तिला ठाम विरोध आहे. पैशांच्या हिशेबात राउंडिंगचा थोडाफार फरक राहू शकतो. माणसांच्या हिशेबात एकाचा फरक आला, तर त्या एकाला नाव असतं, कोड असतो आणि तो शोधता येतो.

सोयीचे आकडे धरून एक उदाहरण फळ्यावर मांडतो. 1 ऑक्टोबरला चाकणला 412, रांजणगावला 268 आणि पुण्याच्या कार्यालयात 95, मिळून 775 माणसं. महिनाभरात चाकणला 9 आले, 7 गेले; रांजणगावला 6 आले, 4 गेले; कार्यालयात 2 आले, 1 गेला. चाकण म्हणतं, आम्ही रांजणगावला 5 पाठवले. रांजणगाव म्हणतं, आमच्याकडे 4 आले. म्हणजे क्लोजिंग अनुक्रमे 409, 274 आणि 96, एकूण 779. पण 775 मध्ये 17 मिळवून 12 वजा केले की 780 यायला हवेत. कंपनीच्या आतल्या ट्रान्सफरची बेरीज शून्यच असली पाहिजे. इथे ती उणे एक आहे.

हा एक माणूस गेला कुठे? चाकणने त्याला 31 तारखेला संध्याकाळी मोकळं केलं आणि ऑक्टोबरमध्ये वजा धरलं. रांजणगावला तो 1 नोव्हेंबरला हजर झाला, म्हणून त्यांनी तो नोव्हेंबरमध्ये धरला. दोघांचीही नोंद आपापल्या परीने खरी, पण 31 च्या रात्री तो माणूस कुणाच्याच पटावर नाही. त्यात मास्टरमध्ये कुणीतरी ऑर्डर निघाल्याच दिवशी लोकेशन बदललेलं असतं, त्यामुळे मास्टर रांजणगावला 275 दाखवतो. मग महिनाअखेरच्या घाईत ‘इतर समायोजन, अधिक 1’ लिहून रिपोर्ट जातो. पुढच्या महिन्यात रांजणगाव तोच माणूस ट्रान्सफर-इनमध्ये दाखवतं, आकडा खऱ्यापेक्षा एकाने वाढतो, आणि आता ‘उणे 1’ लिहावं लागतं. दोन्ही महिन्यांचे रिपोर्ट चुकले आणि दोन्ही वरवर जुळलेले दिसतात.

उपाय साधा आहे. ट्रान्सफरला एकच अंमल तारीख ठेवा: नव्या जागी हजर होण्याचा पहिला दिवस. तोवर माणूस जुन्या जागेच्या पटावर. मग चाकणचे पाठवलेले 4, चाकण 410, रांजणगाव 274, एकूण 780. क्लोजिंगही कायम दिवसअखेरचं घ्या, म्हणजे 31 तारीख शेवटचा दिवस असलेला माणूस त्याच महिन्याचा लीव्हर ठरतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेला भाग भरभर सांगतो. एकूण जुळलं म्हणून थांबू नका. रिक्रूटमेंटच्या यादीत एक जण जॉइनर आहे, पण तो हजरच झाला नाही. दुसरा 30 तारखेला रुजू झाला, पण यादी 28 लाच काढलेली. आकडा 17 च राहतो आणि दोन नावं चुकलेली असतात. म्हणून सप्टेंबरअखेरची आणि ऑक्टोबरअखेरची यादी एम्प्लॉयी कोडवर समोरासमोर लावा. सप्टेंबरच्या शीटवर हे सूत्र टाका:

```
=COUNTIF(Oct!A:A,A2)
```

शून्य आलं तो लीव्हर. उलट बाजूने तपासून शून्य आलं तो जॉइनर. दोन्हीकडे आहे पण लोकेशन बदललंय, तो ट्रान्सफर. ही नावं आता विभागांनी पाठवलेल्या नोंदींशी एकेक करून जुळवा.

या पद्धतीतून दोन गोष्टी निसटतात. 3 तारखेला येऊन 20 ला गेलेला माणूस दोन्ही याद्यांत नसतो. तो जॉइनर आणि लीव्हर दोन्हीकडे हाताने दाखवावा लागतो. आणि ट्रेनी कायम झाल्यावर त्याला नवा कोड दिला, की तो एकदा लीव्हर आणि एकदा जॉइनर दिसतो, ॲट्रिशन उगाच फुगतं. त्याच्यासाठी जुना कोड आणि नवा कोड अशी जोडयादी ठेवा.

शेवटचं, मागच्या तारखेच्या नोंदी. न सांगता गैरहजर राहिलेल्याला नोव्हेंबरमध्ये 18 ऑक्टोबरपासून कमी केलं, की ऑक्टोबरचा रिपोर्ट पुन्हा काढल्यावर 780 ऐवजी 779 येतात आणि नोव्हेंबरचं ओपनिंग तुटतं. म्हणून महिनाअखेरची यादी कोडसकट गोठवून ठेवा, आणि असा माणूस नोव्हेंबरच्या लीव्हरमध्ये ‘मागील महिन्याची नोंद’ म्हणून, खऱ्या तारखेसह, वेगळ्या ओळीत दाखवा.