मामाच लग्नाला येणार नाही, हे ताईला कसं सांगायचं?

नमस्कार श्रोतेहो. तुळशीचं लग्न लागलं की घराघरांतून मुहूर्तांची चर्चा सुरू होते, आणि त्याच वेळी कुणाच्या तरी मनात धाकधूक सुरू होते, की आपल्याला जमणार नाही, हे सांगायचं कसं? शेजारच्या लग्नाला जाता आलं नाही तर एक फोन आणि आहेर पुरतो. आज मात्र आपण अवघड नकाराबद्दल बोलू या. सख्ख्या बहिणीच्या मुलीचं लग्न आहे आणि सख्खा मामाच येऊ शकत नाही.

हा नकार अवघड का, ते आधी पाहू. लग्नात मामा नुसता पाहुणा नसतो. गौरीहरापाशी पूजेला बसलेल्या नवरीला बोहल्यापर्यंत आणतो तो मामा. मंगलाष्टकांच्या वेळी तिच्या पाठीशी उभा असतो तो मामा. बऱ्याच घरांत तिची पिवळी अष्टपुत्रीसुद्धा मामाकडूनच येते. मामा आला नाही तर बहिणीपुढे दोन प्रश्न उभे राहतात. एक मनातला, की भाऊ आला नाही. दुसरा मांडवातला, की आता हे कोण करणार, आणि सासरची माणसं विचारतील त्यांना काय सांगायचं? आपण समजूत काढतो ती पहिल्याची. राग बहुतेक वेळा दुसऱ्यामुळे धुमसत राहतो.

एक उदाहरण घेऊ. ताई सांगलीची, भाऊ ठाण्याचा. भाचीचं लग्न 12 फेब्रुवारीला ठरलं आहे. भावाच्या बायकोचं गर्भाशयाचं ऑपरेशन 9 फेब्रुवारीला आहे, आणि रक्तस्राव होत असल्यामुळे डॉक्टर आणखी थांबायला तयार नाहीत. घरात दुसरं मोठं माणूस नाही. हे भावाला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कळलं.

त्यानं ताईला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी फोन करावा. पत्रिका छापायला जायच्या आत हे कळणं सगळ्यांत बरं, कारण पत्रिकेत मामाचं नाव घालतात. पत्रिका वाटून झाल्यावर मामा येत नाही म्हटलं की चारचौघांत खुलासे करत बसावं लागतं ते ताईला. आणखी एक वेळ टाळायची. ताई आणि दाजी अक्षता घेऊन आमंत्रणाला दारात आले आहेत आणि तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडायचं, असं करू नये. आधी सांगितलेलं असलं तरी ते रीतीनं आमंत्रण द्यायला आले तर अक्षता नीट घ्याव्यात, "कशाला आलात, आम्ही येणार नाहीच" असं म्हणू नये. आमंत्रण घेणं आणि येण्याचं कबूल करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फोन ताईलाच करायचा. आई हयात असेल तर मोह होतो, आईला सांगू, ती ताईच्या कानावर घालेल. तसं करू नका. निरोप मधल्या माणसाच्या शब्दांत पोहोचतो, आणि भावानं मला सांगायचं टाळलं, ही सल वेगळी राहते. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच नाही. ताईशी बोलून झालं की त्याच संध्याकाळी दाजींना वेगळा फोन, आणि मग भाचीला. तिला सगळं कारण पुन्हा ऐकवायची गरज नाही, पण आईकडून कळण्याआधी मामाचा आवाज तिच्या कानी पडावा.

आता बोलायचं काय? पहिल्या दोन वाक्यांत नकार आणि कारण दोन्ही यावं. "ताई, वाईट वाटतंय सांगताना, पण बाराला मी येऊ शकत नाही. हिचं ऑपरेशन नऊ तारखेला आहे आणि घरी मी एकटाच आहे." एवढं बोलून थांबायचं. ती गप्प झाली तर ती शांतता भरून काढायला आणखी कारणं जोडू नयेत. सुट्टी नाही, गाड्यांचं रिझर्व्हेशन मिळत नाही, मुलाची परीक्षा, अशी तीन-चार कारणं एकत्र आली की प्रत्येकाला तोड निघते आणि खरं कारणही बहाण्यासारखं वाटू लागतं. "बघतो", "प्रयत्न करतो" हे तर मुळीच म्हणू नये. ते आपल्या जिभेला सोपं जातं, पण ताई त्याचा अर्थ "येणार" असाच घेते आणि मामाची जागा शेवटपर्यंत अडवून ठेवते.

ती तोड सुचवणारच: "रात्री निघ, मुहूर्ताला उभा राहा आणि परत जा." याचं उत्तर आधी ठरवून ठेवावं. "जायला-यायला दोन रात्री जातात गं. ती बाराला दवाखान्यातून घरी येणार, तेव्हा तिला उठवा-बसवायला माणूस लागेल." ती चिडली, "माझ्याच घरचं कार्य असलं की तुमचं काहीतरी निघतं" असं म्हणाली, तर जुने हिशेब काढू नयेत. "तुला राग येणं बरोबर आहे" म्हणावं आणि फोन ठेवण्याआधी एवढंच सांगावं, की उद्या परत बोलतो, मामाच्या कामाचं काय करायचं ते ठरवू.

दुसऱ्या दिवशीचा हा फोन बहुतेक जण करतच नाहीत, आणि तिथेच गाडी बिघडते. यात तीन गोष्टी ठरवायच्या. नवरीला बोहल्यावर कोण आणणार? धाकटा मामा असेल तर प्रश्न नाही, नसेल तर चुलतमामा. पण त्याला परस्पर विचारून मोकळं होऊ नये. नाव सुचवावं, निवड ताईची. तिनं हो म्हटलं की त्याला सांगायचं काम आपण करावं. दुसरी गोष्ट अष्टपुत्रीची. ती लग्नाच्या किमान तीन आठवडे आधी सांगलीत पोहोचायला हवी, कारण ब्लाऊज शिवायचा असतो आणि लग्नसराईत शिंपी लवकर हाती लागत नाहीत. पोहोचली की भाचीला फोन करून रंग-पोत पसंत पडला का ते विचारावं. तिसरी गोष्ट, आपल्या घरातून कोण येणार. मुलगा कळता असेल तर त्याला चुलतमामाबरोबर हळदीच्या दिवशीच पाठवावं. एकच जण येणार हे आत्ताच सांगितलं, म्हणजे केटररच्या ताटांचा आणि खोल्यांचा हिशेब चुकत नाही.

ऑपरेशनच्या आधी एखादा रविवार मिळत असेल, तर भाचीचं केळवण करून यावं. तिला ठाण्याला बोलावू नये, लग्नघरातली माणसं गडबडीत असतात. आपणच सांगलीला जावं. आहेर तेव्हाच हातात द्यावा, कुणाबरोबर पाठवू नये.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून फोन लावत बसू नये. ताईचा मोबाइल कुणाच्या तरी पिशवीत असतो. आदल्या रात्री, हळद आटोपल्यावर दोन मिनिटं बोलून घ्यावं. मंगलाष्टकांच्या वेळी व्हिडिओ कॉलचा आग्रह तर धरूच नका. वाजंत्र्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, आणि फोन धरणाऱ्या बिचाऱ्याच्या अक्षता हातातच राहतात.

खरा फोन पाठवणीनंतर तिसऱ्या दिवशी करायचा. पाहुणे गेलेले असतात, लेक सासरी गेलेली असते आणि ताईला बोलायला माणूस हवं असतं. तेव्हा आपलं न येणं पुन्हा उगाळू नये. कार्य कसं झालं ते तिला सांगू द्यावं, अगदी सुरुवातीपासून. आणि नव्या जोडप्याला जेवायला बोलवायची तारीख तेव्हाच धरावी. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे वहिनींना जड उचलायची मनाई असते, म्हणून मार्चअखेरचा रविवार बघावा. त्या दिवशी स्वयंपाक बाहेरून मागवला तरी चालेल, जावयाचं औक्षण मात्र घरीच करावं.