एक बोलतो, कितीही ऐकतात

नमस्कार श्रोतेहो. मी आत्ता या खोलीत माइकसमोर बोलतोय आणि तुमच्यातलं किती जण ऐकताय, कोणी मध्येच उठून चहा ठेवायला गेलंय का, यातलं मला काहीच कळत नाही. रेडिओचा हा स्वभावच आहे. ब्लूटूथचा स्वभाव मात्र आजवर बरोबर उलटा होता. मोबाइल आणि कानातला इअरबड आधी ओळख करून घेतात, मग मोबाइल एकेक पाकीट पाठवतो आणि इअरबड प्रत्येक वेळी "मिळालं" म्हणतो. नाही मिळालं तर मोबाइल तेच पाकीट पुन्हा देतो. हा दोघांतला संवाद झाला. चारशे जणांच्या सभागृहात असा संवाद चारशे कानांशी करता येत नाही.

एलई ऑडिओ नावाच्या नव्या ब्लूटूथ पद्धतीत यावर तोड काढली आहे. तिचे नियम २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि तिच्यातल्या सामूहिक ऐकण्याच्या भागाला ऑराकास्ट असं नाव मिळालं. प्रक्षेपक बोलत राहतो आणि कुणी ऐकलं का, हे विचारतच नाही. म्हणून ऐकणारे दहा असोत की हजार, त्याच्यावरचा भार तेवढाच राहतो.

मी सोलापुरात साउंडचं काम करतो. आमचे काका तीस वर्षं यंत्रमागावर होते. मागाच्या खटखटाटात त्यांचे कान गेले. पूर्व भागात असे काका घरोघरी आहेत. सभागृहात त्यांच्या श्रवणयंत्राला वक्त्याबरोबर पंख्याची घरघर आणि शेजारच्यांच्या गप्पाही सारख्याच मोठ्या ऐकू येतात. वक्त्याच्या माइकचा आवाज थेट यंत्रात उतरला तर हा प्रश्न सुटतो. म्हणून एका कार्यक्रमासाठी मी मिक्सरला ऑराकास्टचा छोटा प्रक्षेपक जोडला.

आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात वीस मीटरवरच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज स्वच्छ होता. दुसऱ्या दिवशी माणसं भरली आणि खांबाजवळ बसलेल्या काकांच्या कानातला आवाज तुटायला लागला. मी आधी मिक्सर तपासला, वायर हलवून बघितली. खरं कारण समोर खुर्च्यांवर बसलेलं होतं. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या असतात आणि माणसाच्या शरीरातलं पाणी त्या शोषून घेतं. टेबलावरच्या प्रक्षेपकापासून काकांच्या कानापर्यंत माणसांची भिंतच उभी होती. प्रक्षेपक स्टँडवर तीन मीटर उंच चढवला आणि तुटणं थांबलं.

इथे एक खूण सांगून ठेवतो. सगळ्यांचा आवाज एकाच क्षणी तुटला, तर दोष माइक, वायर किंवा प्रक्षेपकाकडे. एकट्याचाच तुटला, त्यातही मान वळवली की परत येत असेल, तर आड शरीर येतंय.

आता प्रक्षेपक विचारत नाही म्हटल्यावर हरवलेल्या पाकिटाचं काय? तो तेच पाकीट आधीपासूनच अनेकदा पाठवतो. आपले भाजीवाले गल्लीत शिरले की एकदाच ओरडून गप्प बसत नाहीत, तसंच. आवाजाचे दहा-दहा मिलीसेकंदांचे तुकडे होतात. भाषणापुरत्या दर्जात असा एक तुकडा एलसी३ नावाच्या पद्धतीने दाबून अवघ्या ४० बाइटचा होतो. तो तीनदा पाठवायचा की पाचदा, हे आपण ठरवायचं.

मी शहाणपणा करून पाच केलं. आवाज तुटेना, पण पहिल्या रांगेतल्या एका आजींनी तक्रार केली, "अरे, प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतोय." त्यांचं बरोबर होतं. पाच वेळा पाठवायचं, तर त्या प्रती वेळेत लांबवर पसरवल्या जातात आणि कानाला त्या सगळ्यांची वाट बघावी लागते. शिवाय सगळ्या कानांत आवाज एकाच क्षणी वाजावा म्हणून ४० मिलीसेकंदांची राखीव थांबणूक असते. सगळं मिळून माझ्या मांडणीत उशीर ११० मिलीसेकंदांच्या आसपास गेला. स्टेजवरच्या स्पीकरचा आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे चार मीटरवरच्या आजींकडे तो १२ मिलीसेकंदांत पोचत होता. दोन आवाजांत शंभरभर मिलीसेकंदांचं अंतर पडलं की कानाला शब्द दोन वाटतात. काका वीस मीटरवर होते. त्यांच्याकडे हवेतला आवाजच साठेक मिलीसेकंदांनी यायचा, म्हणून त्यांना फरक जाणवला नाही.

मग पाचाचं तीन केलं. प्रक्षेपक आता उंचावर असल्याने तेवढं पुरलं. एकूण उशीर साठ-पासष्ट मिलीसेकंदांवर आला. शेवटच्या रांगेत दोन्ही आवाज जवळजवळ एकत्र पोचायला लागले आणि आजींकडचं अंतरही निम्मं झालं. आधी उंची, मग पुनरावृत्ती, हा क्रम मी त्या दिवशी शिकलो.

आपल्या गावाला विशेष उपयोगी पडेल असा एक भाग अजून सांगायचा आहे. एका प्रक्षेपणात अनेक धारा जाऊ शकतात आणि प्रत्येक धारेवर भाषेची चिठ्ठी लावता येते. मराठी भाषण चालू असताना दुभाषे मागे बसून तेलुगू आणि कन्नडमध्ये बोलतील आणि ऐकणारा आपली भाषा निवडेल. एका पाकिटाला हवेत पाव मिलीसेकंदही लागत नाही. तीन भाषा, प्रत्येकी तीन प्रती, म्हणजे दर दहा मिलीसेकंदांत नऊ पाकिटं. मधल्या फटी धरूनही दोन तृतीयांश वेळ मोकळा राहतो. यंत्राला हे जड नाही. चांगले दुभाषे मिळणं जड आहे.

ऐकणाऱ्याने करायचं काय? मोबाइलमध्ये आसपासच्या प्रक्षेपणांची नावं दिसतात, त्यातलं आपलं निवडायचं. बरेच जण समजतात की आवाज मोबाइलमधून येतो. मोबाइल फक्त यंत्राला सांगतो, कुठे आणि कोणत्या ठेक्यावर कान लावायचा. पुढे प्रक्षेपकातून आवाज थेट कानात येतो. काकांचा मोबाइल घेऊन त्यांचा नातू खुशाल बाहेर खेळायला गेला आणि काकांच्या कानात भाषण चालूच राहिलं.

खरेदी करताना मात्र फसू नका. खोक्यावर नुसतं "ब्लूटूथ ५.३" लिहिलंय म्हणून ही सोय असेलच असं नाही, कारण ती ऐच्छिक आहे. ऑराकास्ट हे नाव लिहिलंय का बघा. घरातल्या जुन्या इअरबडमध्ये बहुतेक वेळा ती नंतर घालता येत नाही.

आणि हो, खासगी बैठक असेल तर संकेतशब्द लावा. तो एकदा वाटला की कोण ऐकतंय हे प्रक्षेपकाला कळत नाही आणि एकट्याला बाहेरही काढता येत नाही. शब्दच बदलावा लागतो. त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर मी माइक बंद करायला विसरलो. स्टेजवर मांडववाले आणि आयोजक बिलावरून हुज्जत घालत होते. रिक्षाची वाट बघत फाटकाशी उभे असलेले काका मला म्हणाले, "काय रे, ते दोन हजार कमी करतायत म्हणे?"