शेवटची पानं आधी वाचा

संध्याकाळी सहाला दादर स्टेशनबाहेरची गर्दी कापून इथवर आलात, म्हणजे विषयाची गोडी आहे किंवा चहाची. (हशा) आज प्रबंधाच्या परिशिष्टातल्या आकड्यांबद्दल बोलायचंय. पण आधी माझी जुनी तक्रार.

समजा, प्रबंध लोकलच्या महिला डब्यातल्या प्रवासावर आहे. प्रबंध इंग्रजीत, म्हणून परिशिष्टातली प्रश्नावलीही इंग्रजीत. पण डोंबिवलीहून उभ्यानं येणाऱ्या बाईला प्रश्न मराठीतच विचारला असणार ना? मग तो मराठी कागद कुठाय? इंग्रजीत छापलंय, ‘सॅटिस्फाइड’. मराठीत ‘समाधानी आहात का’ विचारलं, की ‘चालतं का’? चालवून घेण्याला आपली मुंबईकर बाई पाचपैकी पाच देईल, समाधानाला दोन. सरासरी तिथेच फिरली! परिशिष्टात हवी ती प्रत्यक्ष हातात दिलेली प्रश्नावली. सोबत तिचं दुसऱ्या कुणीतरी, मूळ न बघता, इंग्रजीत केलेलं उलट भाषांतर. ते नसेल, तर तपासतोय ते हत्यार वापरलंच गेलं नव्हतं.

(चिठ्ठी येते) दहा मिनिटं? बरं. चहा थांबेल, अध्यक्ष नाही थांबणार.

तर आकडे. मुख्य मजकुरात लिहिलंय, २८ जणींनी एका प्रश्नाला १ ते ५ गुण दिले, सरासरी ३.४७. गुण पूर्णांकात, म्हणून बेरीजही पूर्णांकच. ९७ भागिले २८ म्हणजे ३.४६, ९८ भागिले २८ म्हणजे ३.५०. मधे काही नाही. ३.४७ येऊच शकत नाही! निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांची ही ‘ग्रिम’ चाचणी, वहीच्या कोपऱ्यात होते. लगेच चोर म्हणू नका. १०४ भागिले ३० करा, ३.४७ येतं. परिशिष्टातल्या तक्त्यात ३० ओळी असतील, तर दोघींना नंतर वगळलं आणि सरासरी जुनीच राहिली, अशी शक्यता आहे. मग विचारायचं, त्या दोघी का गेल्या? मर्यादाही सांगतो. दोन दशांश स्थळं असताना शंभराच्या वर माणसं गेली की ही चाचणी काही पकडत नाही. पाच प्रश्नांची मिळून सरासरी असेल, तर २८ नव्हे, १४० नी भागायचं, म्हणजे तिथेही ती गेलीच.

उलट्या प्रश्नांचं घाईत सांगतो. ‘प्रवास सुखाचा वाटतो’ आणि ‘प्रवासानं जीव जातो’, दोन्हींना पाच देणाऱ्या बऱ्याच ओळी दिसल्या, तर डोळे मिटून खुणा केल्यात. दुसऱ्याचे गुण सहामधून वजा करून आधीच उलटे भरले असतील, तर पाच-पाच म्हणजे विसंगती नव्हे. म्हणून तक्त्याखाली तशी नोंद हवी.

आणि राहिला मुख्य मुद्दा, अध्यक्ष घड्याळ बघतायत. निष्कर्षातलं एक वाक्य उचला. ‘गर्दीमुळे कामाची गुणवत्ता घटते.’ प्रश्नावलीत कामाबद्दल प्रश्न कितवा? नाहीच. थकव्याचा आहे, तोही बाईंनी स्वतः सांगितलेला, ऑफिसात कुणी मोजलेला नाही. म्हणजे फार तर ‘थकवा वाटल्याचं सांगितलं’ एवढंच टिकतं, ‘मुळे’ खोडा. तोंडी परीक्षेत याच वाक्यावर बोट ठेवा आणि विद्यार्थ्याला कच्च्या तक्त्यातला रकाना दाखवायला सांगा.