‘लग्न ठरलंय का?’ : मुलाखतीतील प्रश्न आणि त्याला द्यायचे उत्तर

(बेळगाव येथे पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान, संपादित स्वरूपात)

आज मी एकाच प्रसंगाविषयी बोलणार आहे, कारण तो आपल्यापैकी अनेकींच्या वाट्याला येईल. खानापूरकडची एक बी.कॉम. झालेली मुलगी उद्यमबागेतील एका कारखान्यात हिशेबनिसाच्या जागेसाठी जाते, पगार महिना १८,००० रुपये सांगितलेला असतो, टॅलीचे आणि जीएसटीचे प्रश्न बरे जातात, आणि मग मालक खुर्चीत रेलून विचारतात, “लग्न ठरलंय का? आणि ठरलं तर इथंच राहणार, की कोल्हापूर-सांगलीकडं जाणार?”

मुली या प्रश्नाला बहुधा दोन प्रकारे उत्तर देतात आणि दोन्ही त्यांना महागात पडतात. पहिली म्हणते, “नाही सर, दोन वर्षं तरी नाही.” या आश्वासनाला काही अर्थ नसतो, पण ते दिल्यामुळे लग्न हा विषय मुलाखतीत रीतसर दाखल होतो आणि पुढचा प्रश्न मुलाबाळांचा येतो. दुसरी म्हणते, “हे विचारणं बेकायदेशीर आहे.” ते तितकेसे खरे नाही. खासगी नोकरीत असा प्रश्न विचारण्यावरच बंदी घालणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. बाई आहे म्हणून भरतीत डावलण्यास मात्र १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली आणि ते तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही आले. प्रश्न आणि डावलणे यांतला हा फरक मालकाला ठाऊक असला, तर वादात हार आपलीच होते.

तेव्हा प्रश्नाला नव्हे, प्रश्नामागच्या धास्तीला उत्तर द्यावे. मालकाला आपल्या सोयरिकीत रस नसतो. मार्चअखेरीस माणूस सोडून गेले तर काय, एवढीच त्याची चिंता असते. म्हणून असे म्हणता येईल : “सर, घरचं घरी ठरेल. मी मध्येच सोडून जाईन अशी शंका असेल, तर मागच्या ठिकाणी मी दोन वर्षं होते आणि २० तारखेचं जीएसटीचं ३बी विवरणपत्र एकदाही चुकलं नाही. इथं वर्षअखेरीला किती वेळ थांबावं लागतं?” शेवटचा प्रश्न विसरू नये, कारण त्यामुळे बोलण्याची सूत्रे पुन्हा कामाकडे जातात. त्यातूनही त्यांनी रेटले, तर आवाज न चढवता एकदाच सांगावे, “त्याविषयी आज बोलणं मला प्रशस्त वाटत नाही, कामाचं काहीही विचारा.” तिसऱ्यांदाही तेच आले, तर ती जागा कशी आहे हे आपल्याला कळले, असे समजावे.

गरोदरपणाच्या प्रश्नामागे पैशांचा हिशेब असतो. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि तो बोजा आपल्यावर पडेल, असे लहान कारखानदाराला वाटते. परंतु कारखाना कर्मचारी राज्य विमा योजनेखाली, म्हणजे ईएसआयखाली असेल आणि पगार २१,००० रुपयांच्या आत असेल, तर पात्र बाईला रजेतील ही रक्कम ईएसआय महामंडळ देते. आपल्या १८,००० च्या उदाहरणात मालकाची भीतीच अस्थानी आहे. तरी हे मुलाखतीत शिकवू नये, “कारखाना ईएसआयखाली आहे ना?” एवढे सहज विचारले तरी जाणत्याला पुरते.

धर्म-जातीचा प्रश्न आपल्या भागात सरळ येत नाही. “आडनाव कळलं नाही, मूळ कुठले?” असा येतो. गावाचे नाव सांगून थांबावे, आणि “सुट्ट्यांचं किंवा कामाच्या पाळीचं विचारत असाल, तर सगळ्या पाळ्या चालतील,” असे जोडावे, अर्थात ते खरे असेल तरच. “कन्नड येतं का?” हा प्रश्न मात्र कामाचा आहे; त्याला फाटे फोडू नयेत, जेवढे येते तेवढे सांगावे. वयाबद्दल फार बोलण्याचे कारण नाही : जन्मतारीख भविष्य निर्वाह निधीच्या कागदांत पुढे द्यावीच लागते, पण “या वयात जमेल का?” याला अलीकडे शिकलेल्या कामाचे नाव हेच उत्तर.

तोंडी टाळणे वेगळे आणि लेखी खोटे लिहिणे वेगळे. एलआयसीत नोकरीसाठी भरून द्यायच्या घोषणापत्रात स्त्री उमेदवारांना मासिक पाळी आणि गर्भधारणेविषयी रकाने होते. तिथल्या कर्मचारी नीरा माथुर यांना प्रसूतिरजेनंतर कामावरून काढले, तेव्हा त्यांनी पाळीची तारीख खोटी दिल्याचे कारण सांगण्यात आले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले आणि ते रकानेच काढून टाकण्यास सांगितले. त्या जिंकल्या, पण दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन. म्हणून अर्जात असा रकाना दिसला, तर त्यात खोटी माहिती न भरता आडवी रेघ ओढावी, त्याची छायाप्रत जवळ ठेवावी, आणि मुलाखतीत कोणी काय विचारले ते त्याच संध्याकाळी तारखेसह वहीत उतरवून ठेवावे.