मिडवेचं पाणी आणि पाच मार्कांचा प्रश्न

मागे उभे आहात त्यांनी पुढे या. पहिल्या रांगेत बसलेल्यांनाच प्रश्न विचारतात ही अफवा आहे, बहुतेक खरी.

विषय क्रिप्टोग्राफीतल्या तीन अटॅक मॉडेल्सचा: नोन प्लेनटेक्स्ट, चोझन प्लेनटेक्स्ट आणि चोझन सायफरटेक्स्ट. प्लेनटेक्स्ट म्हणजे उघड मजकूर, सायफरटेक्स्ट म्हणजे त्याचं एन्क्रिप्ट केलेलं, गुप्त रूप. पेपर तपासताना मला नेहमी एक उत्तर सापडतं: 'नोन प्लेनटेक्स्टमध्ये प्लेनटेक्स्ट माहीत असतं, चोझन प्लेनटेक्स्टमध्ये ते चोझन असतं.' चुकीचं काही नाही, म्हणून शून्य देववत नाही. आत काहीच नाही, म्हणून मार्कही देववत नाहीत. माझा हट्ट एवढाच, की मॉडेल म्हणजे हल्ल्याची पद्धत नव्हे. हल्ला सुरू होण्याआधी अटॅकरच्या पदरात काय पडलंय, ते मॉडेल सांगतं. त्या माहितीचं तो पुढे काय करतो, हा वेगळा प्रश्न.

आता माझी आवडती गोष्ट. मे १९४२. पर्ल हार्बरला जोसेफ रोशफोर्टचं अमेरिकन नौदलाचं पथक जपानी नौदलाचा जेएन-२५ हा कोड फोडत बसलेलं. तुकडे वाचता येत होते, पूर्ण नाही. हल्ल्याचं ठिकाण म्हणून 'एएफ' ही अक्षरं सारखी येत होती. रोशफोर्टला वाटत होतं, एएफ म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातलं मिडवे बेट. वॉशिंग्टनला पटेना, वरच्यांना पटवणं हे काम कोड फोडण्याहून अवघड असतं, सरकारी नोकरीतल्यांनी मान हलवली नाही तरी चालेल. मग पथकातल्याच जॅस्पर होम्सच्या डोक्यातून युक्ती निघाली. समुद्राखालच्या केबलवरून, म्हणजे जपान्यांना ऐकू येणार नाही अशा वाटेने, मिडवेला निरोप गेला: गोडं पाणी बनवणारं यंत्र बिघडलंय असा संदेश रेडिओवरून साध्या भाषेत सोडा. थोड्याच दिवसांत जपानी संदेश पकडला गेला: एएफला गोड्या पाण्याची टंचाई आहे.

घोडबंदर रोडची मंडळी हसतायत. बरोबर आहे, तुमच्या सोसायटीला तर यंत्र न बिघडताच टँकर लागतो.

तर हे कुठलं मॉडेल? 'नोन' असा आवाज आला. कारण विचारलं की सांगतात, 'मजकूर अमेरिकनांना ठाऊक होता ना, सर.' ठाऊक होताच, पण तो शत्रूच्या कोडमध्ये गेला कुणामुळे? शत्रूच्या एखाद्या जुन्या संदेशाची उघड प्रत अमेरिकनांच्या हाती आपसूक लागली असती, तर ती जोडी नोन प्लेनटेक्स्ट. इथे त्यांनी आपल्याला हवा तो विषय ठरवला आणि शत्रूकडूनच तो एन्क्रिप्ट करून घेतला. म्हणून हे चोझन प्लेनटेक्स्टच्या घरातलं. पण घरातलं म्हणतो, तंतोतंत नाही. कडक व्याख्येत अटॅकर जो मजकूर देतो, अक्षरशः त्याचंच सायफरटेक्स्ट त्याला मिळतं. जपान्यांनी बातमी आपल्या शब्दांत लिहिली होती. शिवाय अमेरिकनांना गुप्त किल्ली, म्हणजे 'की', काढायची नव्हती, एका शब्दाचा अर्थ पक्का करायचा होता. हे दोन फरक लिहिणाऱ्याला मी पूर्ण मार्क देतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. चोझन सायफरटेक्स्टसाठीच तुम्हाला बोलावलं होतं, ते आता धावत.

इथे उलट दिशेचं यंत्र हाती येतं. अटॅकर हवं ते सायफरटेक्स्ट देतो आणि त्याचं प्लेनटेक्स्ट मिळवतो. बंदी फक्त एक: जे फोडायचंय तेच तिथे देता येत नाही. ही बंदी उत्तरात लिहिलीच पाहिजे, नाहीतर सगळा खेळच पोरकट होतो.

उदाहरण साध्या आरएसएचं, पॅडिंगशिवायच्या, म्हणजे संदेशाभोवती ठरलेल्या रचनेची भर न घालता. n = ३३ आणि e = ३ जगजाहीर, d = ७ ही गुप्त किल्ली. एन्क्रिप्ट करायला e वा घात, उलगडायला d वा घात, दोन्हीकडे n ने भागून बाकी. संदेश m = ५. ५ चा घन १२५, त्याला ३३ ने भागून बाकी २६; म्हणून c = २६. अटॅकरला २६ विचारता येत नाही. तो २ निवडतो, २ चा घन ८, आणि २६ × ८ = २०८, बाकी १०. हा १० निरुपद्रवी दिसतो, म्हणून यंत्र तो उलगडून देतं: १० चा सातवा घात, बाकी १०. पण हे उत्तर म्हणजे मूळ संदेशाची दुप्पट. २ चा ३३ साठीचा व्यस्त १७, कारण २ × १७ = ३४, बाकी १. १० × १७ = १७०, बाकी ५. संदेश बाहेर, आणि d ला हातही लावला नाही.

आरएसएसारखी एन्क्रिप्ट करायची की जगजाहीर, म्हणजे पब्लिक, असेल तर चोझन प्लेनटेक्स्ट फुकटच मिळतं, कारण एन्क्रिप्ट कुणालाही करता येतं. म्हणून तिथे खरी परीक्षा या तिसऱ्या मॉडेलची. उपाय ओएईपी नावाचं पॅडिंग: गुणून बनवलेला सायफरटेक्स्ट उलगडला की आतली रचना जुळत नाही आणि यंत्र तो नाकारतं. मात्र का नाकारला हे बोलायचं नाही. १९९८ मध्ये ब्लायखेनबाखरने पीकेसीएस#१ या आरएसएच्या मानकातल्या जुन्या पॅडिंगवर हेच दाखवलं: सर्व्हर पूर्ण प्लेनटेक्स्ट देत नव्हता, पॅडिंग बरोबर की चूक एवढंच कळू देत होता, आणि असे लाखो प्रश्न विचारून संदेश काढता आला.

शिट्टी वाजवू नका, थांबतो. अक्षरांचे आकडे करून त्यांना मॅट्रिक्सने गुणणाऱ्या हिल सायफरचा प्रश्न कुणाचा होता? तो नोन प्लेनटेक्स्टचा. २ × २ मॅट्रिक्सला दोन-दोन अक्षरांच्या प्लेनटेक्स्ट-सायफरटेक्स्टच्या दोन जोड्या पुरतात, पण प्लेनटेक्स्टच्या मॅट्रिक्सला २६ साठी व्यस्त असेल तरच. नसेल तर आणखी जोडी शोधा.