केव्हा आणि कधीपासून: रिकाम्या जागेतला काळ कसा ओळखायचा

(मराठी माध्यमातील विद्यार्थी आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज इंग्रजी व्याकरणातल्या एकाच प्रकारच्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. वाक्य दिलेलं असतं, मध्ये रिकामी जागा असते, कंसात क्रियापदाचं मूळ रूप असतं, आणि तिथे साधा भूतकाळ लिहायचा की पूर्ण वर्तमानकाळ हे आपल्याला ठरवायचं असतं. म्हणजे 'वेंट' लिहायचं की 'हॅज गॉन'.

या प्रश्नात आपली मुलं चुकतात, त्याचं कारण बहुतेक वेळा इंग्रजी कच्चं असणं हे नसतं. मराठी पक्की असते, आणि त्यामुळेच चूक होते. हे वाक्य बघा: 'तो काल पुण्याला गेलाय.' मराठीत यात काही वावगं नाही. आईनं विचारलं, दादा कुठंय, की आपण हेच म्हणतो. आता हे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं की 'ही हॅज गॉन टू पुणे येस्टरडे' असं होतं, आणि इंग्रजीत हे वाक्य चूक आहे. 'काल' आणि 'गेला आहे' मराठीत सुखानं एकत्र नांदतात. इंग्रजीत 'येस्टरडे' आलं की 'हॅज' आणि 'हॅव' दोघांनाही मज्जाव. 'ही वेंट टू पुणे येस्टरडे' एवढंच बरोबर.

दुसरीकडूनही हीच फसगत होते. 'मी काल मुंबईला गेलो होतो' हे आपलं रोजचं बोलणं. त्यातल्या 'होतो'मुळे मुलं 'आय हॅड गॉन टू मुंबई येस्टरडे' लिहितात. इथेही 'आय वेंट' पुरेसं आहे. 'हॅड गॉन' लागतं ते भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची घटना वेगळी दाखवायची असेल तेव्हा. म्हणून मराठी क्रियापदाच्या शेपटावरून, म्हणजे आहे, होतो, गेला यांवरून इंग्रजी काळ ठरवायचा नाही.

नकारात तर मराठी क्रियापद काहीच सांगत नाही. 'तो काल आला नाही' आणि 'तो अजून आला नाही' यांत 'आला नाही' अगदी तेच. इंग्रजीत मात्र पहिलं 'ही डिड नॉट कम येस्टरडे' आणि दुसरं 'ही हॅज नॉट कम यट'. फरक फक्त 'काल' आणि 'अजून' या शब्दांनी पाडला. या एका जोडीत आजच्या विषयाचं मर्म आहे: क्रियापदाकडे शेवटी बघा, आधी काळवाचक शब्द शोधा.

तो सापडला की त्याला एक मराठी प्रश्न विचारायचा. हा शब्द 'केव्हा?' या प्रश्नाचं नेमकं उत्तर देतो का? काल, गेल्या सोमवारी, 2015 साली, दोन तासांपूर्वी, मी लहान असताना ही सगळी 'केव्हा'ची उत्तरं आहेत. ती वेळ संपलेली आहे, तिच्यावर बोट ठेवता येतं. तिथे साधा भूतकाळ. याउलट तो शब्द 'कधीपासून?', 'आजवर किती वेळा?' किंवा 'झालं का अजून?' अशा प्रश्नांना उत्तर देत असेल, तर त्या काळाचं एक टोक आत्ताच्या क्षणाला टेकलेलं असतं. तिथे पूर्ण वर्तमानकाळ. 'सिन्स', 'सो फार', 'यट', 'ऑलरेडी', 'एव्हर', 'नेव्हर' हे सहसा या बाजूचे. खुद्द 'व्हेन'नं सुरू होणारा प्रश्नही पहिल्या बाजूचा आहे. 'व्हेन हॅव यू कम?' चूक, 'व्हेन डिड यू कम?' बरोबर, कारण तो सरळ 'केव्हा' विचारतो.

आता फसवा भाग. मुलं काळवाचक शब्दाचा अर्धाच तुकडा पाठ करतात. 'लास्ट' दिसलं की साधा भूतकाळ, असं पाठ केलेलं असतं. मग 'फॉर द लास्ट थ्री इयर्स' आलं की चुकतात. 2018 दिसलं की भूतकाळ, असंही पाठ असतं, मग 'सिन्स 2018' चुकतं. साल काहीच ठरवत नाही, त्याच्या आधीचं अव्यय ठरवतं. 'इन 2018' म्हणजे त्या साली, 'सिन्स 2018' म्हणजे त्या सालापासून आजपर्यंत.

इथे मराठी आपल्याला चक्क मदत करते, कारण हाच फरक आपण प्रत्ययांनी दाखवतो. 'गेल्या वर्षी' म्हटलं की वेळ बंद झाली: 'लास्ट इयर', साधा भूतकाळ. 'गेल्या वर्षापासून' म्हटलं की दार उघडं आहे: 'सिन्स लास्ट इयर', पूर्ण वर्तमानकाळ. 'गेल्या तीन वर्षांत' हेही आजपर्यंत येऊन पोचतं: 'इन द लास्ट थ्री इयर्स', पुन्हा पूर्ण वर्तमानकाळ. आणि 'तीन वर्षांपूर्वी' म्हणजे 'थ्री इयर्स अगो', साधा भूतकाळ. म्हणून काळवाचक शब्दाभोवती पेन्सिलनं गोल करताना फक्त 'लास्ट' किंवा फक्त साल गोलात घेऊ नका. त्याच्या आधीचा किंवा नंतरचा छोटा शब्दही त्याच गोलात यायला हवा.

'पासून'ची एक खोडी इथेच सांगतो. 'मी पाच वर्षांपासून इथे राहतो' यात मराठी क्रियापद वर्तमानकाळी आहे, म्हणून 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' असं वाक्य जन्माला येतं. त्यात दोन चुका आहेत. सुरुवातीचा बिंदू सांगितला, जसं सोमवार, 2018, जन्मापासून, तरच 'सिन्स'. मोजलेली मुदत सांगितली, जसं पाच वर्षं, दोन तास, तर 'फॉर'. आणि क्रियापद 'हॅव लिव्ह्ड' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग'.

पण 'फॉर' दिसलं म्हणजे पूर्ण वर्तमानकाळच, असंही नाही. 'आय लिव्ह्ड इन सोलापूर फॉर फाइव्ह इयर्स' हे वाक्य शुद्ध आहे. बोलणारा आता सोलापुरात राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'फॉर' फक्त लांबी सांगतं. ती लांबी आजपर्यंत पोचते का, हे आजूबाजूच्या वाक्यांवरून बघावं लागतं. पुढच्या वाक्यात 'नाऊ आय लिव्ह इन पुणे' असेल, तर निकाल तिथेच लागला.

आता एक उतारा पूर्ण सोडवू. फळ्यावर असं लिहिलं आहे:

'माय कझिन ___ (लिव्ह) इन नागपूर सिन्स 2018. शी ___ (मूव्ह) देअर व्हेन हर फादर ___ (गेट) अ जॉब. शी ___ (मेक) मेनी फ्रेंड्स सो फार. लास्ट मंथ शी ___ (टेक) पार्ट इन अ काँपिटिशन अँड ___ (सेंड) मी अ फोटो. आय ___ (नॉट रिप्लाय) यट.'

पहिल्या जागेला गोल 'सिन्स 2018' भोवती. कधीपासून? 2018पासून, आणि अजूनही. उत्तर 'हॅज लिव्ह्ड'. दुसऱ्या जागेपाशी 'काल', 'अगो' असं काही नाही, म्हणून मुलं वरचंच 'हॅज' पुढे ओढतात. पण तिथे 'व्हेन'नं सुरू होणारं अख्खं उपवाक्य आहे, आणि ते 'केव्हा'चंच उत्तर देतं: वडिलांना नोकरी लागली तेव्हा. म्हणून 'मूव्ह्ड', आणि उपवाक्यात 'गॉट'. चौथ्या जागेला 'सो फार', म्हणजे आत्तापर्यंत. उत्तर 'हॅज मेड'.

पाचवीला 'लास्ट मंथ', आधी 'सिन्स' नाही, 'फॉर' नाही. महिना संपला. उत्तर 'टुक'. 'टेकन' नव्हे, कारण तिसरं रूप 'हॅव' किंवा 'हॅज'शिवाय या काळांत एकटं उभं राहत नाही. सहाव्या जागेला स्वतःचा काळवाचक शब्द नाही, पण 'अँड'नं ती आधीच्या भागाला जोडलेली आहे, आणि 'लास्ट मंथ'ची सत्ता तिथपर्यंत पोचते. उत्तर 'सेंट'. शेवटच्या जागेला 'यट', आणि सोबत नकार. 'हॅव नॉट रिप्लाइड'. इथे 'डिड नॉट रिप्लाइड' लिहिणारे बरेच असतात. 'डिड'नंतर नेहमी मूळ रूप येतं, त्यामुळे ते रूपही चुकलं आणि काळही.

या उताऱ्यात काळ कसे फिरले ते बघा. बातमी आणि आजची स्थिती पूर्ण वर्तमानकाळात, आणि तपशील साध्या भूतकाळात. संवादातही हेच घडतं. 'हॅव यू एव्हर बीन टू हंपी?' हा प्रश्न आयुष्यात कधी गेला आहेस का, असा आहे. 'येस, आय हॅव.' आणि लगेच पुढे 'व्हेन डिड यू गो?' पहिल्या प्रश्नाचा काळ बघून पुढचे सगळे प्रश्न त्याच काळात लिहिणं ही संवाद पूर्ण करताना होणारी ठरलेली चूक. (जाऊन परत आलेल्यासाठी 'बीन टू' आणि गेलेला, अजून परत न आलेल्यासाठी 'गॉन टू', हेही तिथेच लक्षात ठेवा.)

काही वेळा काळवाचक शब्दच नसतो, आणि तरी काळ ठरलेला असतो. लता मंगेशकर हयात असताना 'लता मंगेशकर हॅज संग इन मेनी लँग्वेजेस' हे वाक्य योग्य होतं. 6 फेब्रुवारी 2022 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांचा गाण्याचा काळ आता बंद झाला, म्हणून आज 'लता मंगेशकर सँग इन मेनी लँग्वेजेस' असं लिहायचं. वाक्यातला एकही दुसरा शब्द बदलला नाही. त्यामुळे गोल करायला काहीच सापडलं नाही, तर कर्त्याकडे बघा. ती व्यक्ती, ती स्पर्धा, ती मोहीम संपलेली आहे का?

दोन्ही बाजूंना जाणारे थोडे शब्द आहेत. 'जस्ट' आणि 'जस्ट नाऊ' हे भाऊ वाटतात, पण 'ही हॅज जस्ट लेफ्ट' आणि 'ही लेफ्ट जस्ट नाऊ' अशी त्यांची घरं वेगळी. मराठीत दोन्हींना 'आत्ताच', म्हणून इथे मात्र मराठीवर विसंबू नका. 'रिसेंटली' दोन्ही काळांत चालतं. अमेरिकी बोलीत 'आय जस्ट एट' आणि 'डिड यू ईट यट?' सर्रास ऐकू येतं, आणि तिथे ते चूक मानत नाहीत. आपली शालेय इंग्रजी मात्र ब्रिटिश वळणाची, म्हणून परीक्षेत 'जस्ट' आणि 'यट'सोबत 'हॅव' किंवा 'हॅज' लिहिणंच सुरक्षित.

राहिलं 'धिस मॉर्निंग'. सकाळी दहाला बोलत असाल तर सकाळ चालू आहे: 'आय हॅव ड्रंक टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग', आणि तिसरा कप अजून होऊ शकतो. तेच दुपारी चारला सांगायचं तर 'आय ड्रँक टू कप्स'. शब्द तोच, घड्याळ वेगळं. म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकांना विनंती: 'धिस मॉर्निंग' वापरायचं असेल तर उताऱ्यात वेळही लिहा, 'इट इज फोर ओ'क्लॉक नाऊ' एवढं एक वाक्य पुरे. ते नसेल तर दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि दोन्हींना पूर्ण गुण द्यायला हवेत.