तयार मजकुरातील रिकाम्या जागा

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांचे बेळगावच्या उद्यमबागेत किंवा शहराच्या आसपास लहान यंत्रशाळा चालवण्याचे काम आहे, आणि विचारणा, दरपत्रक व पाठपुरावा हे तिन्ही व्यवहार आता मुख्यतः मोबाईलवरच होतात. त्यामुळे तेच तेच शब्द रोज टाईप करण्याऐवजी ते साठवून ठेवावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये Business tools या भागात Quick replies आहेत. तेथे पन्नासपर्यंत मजकूर साठवता येतात आणि संदेशाच्या जागी `/` टाईप करून आपण दिलेले लघुनाव निवडले की तो मजकूर समोर येतो. संगणकावरून ईमेल पाठवणाऱ्यांनी जीमेलच्या सेटिंगमध्ये Advanced या पानावर Templates सुरू करावे. साधन शिकायला दहा मिनिटे पुरतात. काय साठवावे आणि काय कधीही साठवू नये, हे ठरवायला मात्र मला स्वतःला दोन वर्षे लागली, आणि आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

माझ्याकडून झालेली चूक आधी सांगतो. हुबळीच्या एका पार्टीला दिलेले दरपत्रक चांगले जमले होते, म्हणून मी ते जसेच्या तसे साठवले. त्यात कराची ओळ होती : सीजीएसटी ९ टक्के, एसजीएसटी ९ टक्के. पुढे कोल्हापूरकडील एका पंप कारखान्याने शाफ्टचे दर विचारले, तेव्हा मी तोच मजकूर काढला, नग आणि दर बदलले आणि पाठवून दिला. माल राज्याबाहेर जाणार असल्यामुळे तेथे एकच कर, म्हणजे आयजीएसटी १८ टक्के, लिहायला हवा होता. दोन्ही प्रकारांत बेरीज अठराच होत असल्याने एकूण रक्कम बरोबर आली आणि चूक कोणाच्याच नजरेत भरली नाही. त्यांनी माझ्या दरपत्रकावरूनच पीओ काढली. बिल मात्र आमच्या हिशेबनिसाने नियमाप्रमाणे आयजीएसटी लावून केले. पीओ आणि बिल जुळेना, म्हणून त्यांच्या लेखा विभागाने बिल परत पाठवले, आणि पीओ दुरुस्त होऊन येईपर्यंत माझे पैसे अडकून राहिले.

आपण सीमेवर राहतो, त्यामुळे ही चूक आपल्याकडे होण्याचा संभव अधिक. खानापूरचे गिऱ्हाईक कर्नाटकातले, चंदगडचे महाराष्ट्रातले. दोघेही मराठीतच बोलतात आणि दोघांचेही संदेश सारखेच दिसतात. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक पाहिले तर खुलासा होतो : २९ म्हणजे कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. गिऱ्हाईक स्वतःचा टेम्पो घेऊन आपल्या दारातून माल उचलणार असले, तरी तो टेम्पो कोल्हापूरला जाऊन थांबणार असेल तर कर आयजीएसटीच लागतो. बिल एकाच्या नावे आणि माल तिसऱ्याच ठिकाणी, असा प्रकार असेल तर दरपत्रक पाठवण्यापूर्वी हिशेबनिसाला विचारावे.

या प्रसंगातून मी एक नियम घेतला. साठवलेल्या मजकुरात योग्य वाटेल असे उत्तर आधीच भरून ठेवायचे नाही. ‘दहा दिवसांत माल देऊ’ असे वाक्य तेथे असले की डोळा त्यावरून सरळ पुढे जातो, कारण ते वाचायला बरोबर लागते. मग मशीन महिनाभर भरलेले असले तरी ते वाक्य तसेच जाते. जी गोष्ट गिऱ्हाइकागणिक बदलते, तिच्या जागी डोळ्यांना खुपेल असे चिन्ह असावे. मी चार चौकटी वापरतो. माझा दरपत्रकाचा मजकूर `/dar` या लघुनावाने साठवलेला आहे, तो असा :

```
वस्तू: ####
नग: ####
दर प्रति नग: ####
कर: ####
माल तयार होण्याची तारीख: ####
हे दर #### पर्यंत लागू.
वाहतूक खर्च वेगळा. निम्मी रक्कम
ऑर्डरसोबत, उरलेली माल उचलण्यापूर्वी.
```

यातली शेवटची अटच खरी साठवण्याजोगी आहे, कारण ती सर्वांना सारखी लागू आहे आणि दर वेळी नव्याने लिहिताना तिचेच शब्द सैल होतात. मुदतही ‘सात दिवस’ अशी न लिहिता तारखेने लिहावी, कारण संदेश पुढे पाठवला गेला की सात दिवस कोणत्या दिवसापासून मोजायचे हे कोणालाच कळत नाही.

मजकुराची रचना अशी तुटक का, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या भाषेत आहे. ‘आपण पाठवलेले #### मिळाले’ असे वाक्य साठवले, तर ड्रॉइंग असताना ते जुळते. पण नमुना आला असेल तर ‘पाठवलेला नमुना मिळाला’ आणि यादी आली असेल तर ‘पाठवलेली यादी मिळाली’ असे सगळेच बदलावे लागते. ‘#### साठी दर’ असे लिहिले की ‘नमुना साठी’ अशी ओबडधोबड शब्दयोजना तयार होते, आणि हा मजकूर साठवलेला आहे हे गिऱ्हाइकाला तत्काळ समजते. रिकामी जागा विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनंतर ठेवली तर शब्दाला प्रत्यय लागत नाही आणि लिंगवचनाचा प्रश्नच उरत नाही. कन्नड मजकूर मात्र मराठीवरून बेतू नये. कन्नड चांगले लिहिणाऱ्याकडून तो स्वतंत्र लिहून घ्यावा.

पहिले वाक्य मी कधीच साठवत नाही. कोल्हापूरकडील त्याच पंप कारखान्याच्या पुढच्या विचारणेला मी असे लिहिले : ‘साहेब, ईएन ८ च्या २०० शाफ्टचे ड्रॉइंग पाहिले. बेअरिंग बसते त्या जागेचा टॉलरन्स ड्रॉइंगमध्ये दिसत नाही, तो मागच्या जॉबप्रमाणेच धरला आहे.’ त्याखाली `/dar` काढून भरले : नग २००, दर १८५ रुपये, मालाची किंमत ३७,००० रुपये, आयजीएसटी १८ टक्के म्हणजे ६,६६० रुपये, एकूण ४३,६६० रुपये. वरची दोन वाक्ये लिहायला एक मिनिट लागले. त्यांच्याकडून तासाभरात उत्तर आले की टॉलरन्स या वेळी बदललेला आहे. ती दोन वाक्ये नसती, तर दोनशे शाफ्ट जुन्या मापाने कापले गेले असते.

विचारणेच्या पहिल्या उत्तराबद्दल थोडेच सांगायचे आहे : त्यात फक्त प्रश्न साठवावेत, आणि विचारणेत ज्यांची उत्तरे आधीच आली आहेत ते प्रश्न पाठवण्यापूर्वी पुसून टाकावेत. ड्रॉइंग पाठवणाऱ्याला ‘कृपया ड्रॉइंग पाठवा’ असे उत्तर गेले, की आपण त्याचा संदेश वाचलेलाच नाही हे त्याला कळते.

पाठपुराव्याचा मजकूर मी एकेकाळी साठवला होता आणि नंतर काढून टाकला. ‘आमच्या दरपत्रकाबाबत काय ठरले?’ हा प्रश्न गिऱ्हाइकाला नवे काहीच सांगत नाही, म्हणून त्याचे उत्तरही येत नाही. आता तेथे माझ्याकडे केवळ एक ओळ साठवलेली आहे : ‘दरपत्रकाची तारीख: ####, दर लागू: #### पर्यंत.’ तिच्या वर त्या दिवशी खरी असलेली गोष्ट लिहावी, जसे की सळईचा नवा भाव आला असून जुना दर शनिवारपर्यंतच धरता येईल, किंवा येत्या सोमवारपासून लेथ चार दिवस मोकळे आहे. असे सांगण्याजोगे काही नसेल, तर त्या दिवशी मी पाठपुरावा करत नाही.